मुलाखतीतली दहा मिनिटे: आपला एक प्रकल्प पॅनेलसमोर कसा मांडावा

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यातल्या कंपन्या चार-पाच वर्षे अनुभव असलेल्या इंजिनिअरला मुलाखतीला बोलावताना आता पुष्कळदा मेलमध्ये एक ओळ घालतात: ‘आधी केलेल्या एका प्रकल्पावर दहा मिनिटांचे प्रेझेंटेशन तयार ठेवा.’ ही ओळ वाचून बहुतेक उमेदवार आपला सगळ्यात मोठा प्रकल्प निवडतात, वीस स्लाइड्स करतात आणि सातव्या मिनिटाला अजून कंपनीची ओळखच सांगत असतात. मग पॅनेलमधले कोणीतरी घड्याळाकडे बघून म्हणते, ‘रिझल्टवर या.’ खरे सांगण्यासारखे असते ते शेवटच्या मिनिटात घाईघाईने उरकले जाते.

पॅनेलला तुमचा प्रकल्प नको असतो. तो त्यांच्या कारखान्यातला नाही, आणि त्याचे पुढे काय झाले याच्याशी त्यांचे देणेघेणे नाही. त्यांना एवढेच बघायचे असते की माहिती अपुरी असताना, दोन-तीन वाटा समोर असताना हा माणूस ठरवतो कसे. म्हणून दहा मिनिटे बांधायची ती एका निर्णयाभोवती. बाकी सगळे त्या निर्णयाला लागेल तेवढेच.

हे नुसते सांगून कळत नाही, म्हणून एक प्रकल्प नमुना म्हणून घेऊ आणि त्याचे सादरीकरण पहिल्यापासून बांधू. कारखाना आणि रिजेक्शनचे आकडे कल्पित आहेत. धातूच्या प्रसरणाचा हिशेब मात्र खरा आहे, कुणीही पडताळून पाहावा.

नमुन्याचा प्रकल्प

वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातली एक क्वालिटी इंजिनिअर. ॲल्युमिनियमच्या डाय-कास्ट हाउसिंगमध्ये सीएनसीवर ३५ मिलिमीटरचा बोअर होतो. टॉलरन्स शून्य ते अधिक २५ मायक्रॉन, म्हणजे ड्रॉइंगवर एच७. ऑपरेटर मशीनशेजारीच एअर गेजवर माप घेतो आणि गरज पडेल तसा टूलचा ऑफसेट बदलतो. अंतिम तपासणी स्टँडर्ड रूममध्ये, २० अंश सेल्सिअसला. एप्रिलमध्ये महिन्याचे रिजेक्शन ३.७ टक्के झाले, आणि वाढलेला सगळा भाग ‘बोअर लहान’ या एकाच कारणाचा होता. मशीनशेजारी जे पीस पास झाले होते, तेच स्टँडर्ड रूममध्ये नापास होत होते.

बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की बोअर लहान होतो, त्यामुळे सगळ्यांचा संशय इन्सर्टवर गेला. इन्सर्ट ४०० पीसऐवजी २५० पीसला बदलायला सुरुवात झाली. खर्च वाढला, रिजेक्शन जागचे हलले नाही. खरे कारण उष्णतेचे निघाले. ते कसे निघाले आणि त्यावर काय केले, हा आपल्या सादरीकरणाचा विषय.

आधी फोन करा

स्लाइड उघडण्याआधी एचआरला फोन किंवा मेल करून चार गोष्टी विचारून घ्या. दहा मिनिटांत प्रश्न धरले आहेत की ते वेगळे? पॅनेलमध्ये कोण असेल? म्हणजे नावे नव्हे, हुद्दे. लॅपटॉप स्वतःचा न्यायचा की त्यांचा असेल? बोलायचे इंग्रजीत की चालेल तसे? हे विचारल्याने कुणी नाराज होत नाही.

पॅनेलचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पॅनेलमध्ये साधारणपणे तिघे असतात: त्या विभागाचा प्रमुख, प्लँट हेड किंवा ऑपरेशन्सकडचे कोणी, आणि एचआर. विभागप्रमुखाला मायक्रॉन कळतात, प्लँट हेडला रुपये आणि डिस्पॅच कळतो, एचआरला यातले काहीच कळावे अशी अपेक्षा नाही. तिघांनाही पहिल्या मिनिटात गोष्ट कळली पाहिजे. पुढची तीन-चार मिनिटे विभागप्रमुखासाठी बोलायला हरकत नाही, फक्त तिथून परत वर यायचे विसरू नका.

प्रकल्प कोणता निवडायचा

मोठा नको, तुमचा निवडा. परीक्षा सोपी आहे. कागदावर एक वाक्य लिहा: ‘तेव्हा अमुक करता आले असते किंवा तमुक, मी तमुक ठरवले, कारण…’ हे वाक्य खोटेपणा न करता पूर्ण होत नसेल तर तो प्रकल्प बाजूला ठेवा. नवी लाइन उभारण्याचे काम बारा कोटींचे असेल, पण तुमच्याकडे त्यातले फक्त गेजचे कॅलिब्रेशन होते. मग दुसऱ्याच प्रश्नाला पॅनेलला ते कळते. त्यापेक्षा एका बोअरचे रिजेक्शन पुष्कळ चांगले.

दुसरी अट अशी की आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच पद्धतीने मोजलेला असावा. आधीचे आकडे अंतिम तपासणीतले आणि नंतरचे मशीनशेजारचे, असे असेल तर तुलना होत नाही, आणि क्वालिटीचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

गोपनीयतेचाही विचार इथेच करा, शेवटी नको. ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, कारखान्याच्या आत काढलेले फोटो यातले काही दाखवायचे नाही. हाउसिंगचे साधे रेखाचित्र हाताने काढून स्कॅन करा, ते पुरते. रुपयांचे आकडे उघड करता येत नसतील तर टक्क्यांत सांगा. पॅनेल यावरूनही अंदाज बांधते: जो आज जुन्या कंपनीचे ड्रॉइंग आम्हाला दाखवतो, तो उद्या आमचे दुसरीकडे दाखवेल.

निर्णयाची जागा शोधा

सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. प्रकल्पाची हकीकत आपल्याला तारखांच्या क्रमाने आठवते, त्यामुळे सादरीकरणही तसेच होते: समस्या आली, टीम बनवली, फिशबोन काढला, कृती केली, रिजेक्शन कमी झाले. असे सादरीकरण कुठल्याही कारखान्यातल्या कुणाचेही असू शकते. तुम्ही तिथे नसता तर काय वेगळे झाले असते, हे त्यात कुठेच येत नाही.

आपल्या इंजिनिअरने तिच्या प्रकल्पातल्या घडामोडी कागदावर उतरवल्या आणि प्रत्येकीसमोर विचारले: इथे दुसरे काही होऊ शकले असते का? दोन जागा निघाल्या.

पहिली जागा कारण शोधण्याची. सगळे इन्सर्टच्या मागे असताना तिने नापास पीस शिफ्टप्रमाणे वेगळे केले. पहिल्या आणि तिसऱ्या शिफ्टला रिजेक्शन २ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या शिफ्टला ७. त्यातही बहुतेक नापास पीस दुपारी तीन ते सहामधले. इन्सर्ट तर तिन्ही शिफ्टला सारखाच झिजतो. मग झीज हे कारण कसे असेल? तिने दुपारचे ३० पीस घेतले, प्रत्येकाचे माप मशीनवरून उतरल्याबरोबर घेतले आणि तोच पीस २० अंशाला आल्यावर पुन्हा मोजला. सरासरी फरक ९ मायक्रॉन निघाला. पहाटेच्या ३० पीसमध्ये हाच फरक ५ होता.

याचा हिशेब तोंडपाठ असला पाहिजे. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या बोअरला अंशामागे ०.८ मायक्रॉन. दुपारी पीस ३८ अंशाला उतरत होता, २० पेक्षा १८ अंश जास्त. म्हणजे बोअर १४ ते १५ मायक्रॉनने मोठा. गेज ज्या स्टीलच्या मास्टर रिंगवर शून्य केला जातो ती रिंगही शॉपमध्ये ३३ अंशाला असते, पण स्टील ॲल्युमिनियमच्या निम्मेच फुगते. ती साधारण ५ मायक्रॉनने मोठी. उरले ९ किंवा थोडे जास्त. ऑपरेटर प्रामाणिकपणे टॉलरन्सच्या मध्यावर, साडेबारा मायक्रॉनवर माप ठेवत होता, पण थंड झाल्यावर तो बोअर खरा साडेतीन मायक्रॉनवर येत होता. मशीनचा स्वतःचा थोडा फैलाव धरला की त्यातले काही पीस शून्याखाली जाणारच.

दुसरी जागा उपायाची. तीन वाटा होत्या. कूलंटला चिलर बसवणे हा पक्का उपाय, पण कॅपिटल मंजुरीला दोन-तीन महिने. पीस वीस मिनिटे थंड करून मग मोजणे याला खर्च नाही. मात्र सायकल अडीच मिनिटांची असल्याने माप हातात येईपर्यंत आणखी आठ पीस झालेले असतात, आणि ते बिघडलेले असले तर आठही जातात. तिसरी वाट म्हणजे तापमानाप्रमाणे लक्ष्य बदलणे: संपर्क थर्मामीटरने पीसचे तापमान बघायचे आणि तीन पट्ट्यांच्या तक्त्यावरून गेजवर कोणते माप धरायचे ते ठरवायचे. ३० अंशाखाली साडेसतरा, ३० ते ३५ ला साडेएकोणीस, त्यावर साडेएकवीस. मापाच्या दोन्ही मर्यादाही तेवढ्याच वर सरकवायच्या. तिने हा तक्ता लगेच लावायचे ठरवले, दर तासाला एक पीस थंड करून मोजण्याची पडताळणी त्याला जोडली, आणि चिलरचा प्रस्ताव समांतर पाठवला.

या दोन जागा म्हणजे सादरीकरणाचा गाभा. फिशबोन, टीमची नावे, बैठका, तारखा यांतले या गाभ्याला जे लागत नाही ते सगळे गाळायचे. गाळताना जीव वर येतो, कारण तेही कष्टाने केलेले काम असते.

मिनिटांची वाटणी

दहा मिनिटे दिली असतील तर साडेनऊची तयारी करा. सावकाश, समजेल असे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बोलतो. म्हणजे तुमच्याकडे सगळे मिळून हजार-अकराशे शब्द आहेत. लिहून मोजा, दोन पानांत संपतात.

आपल्या नमुन्यात पहिले मिनिट पूर्ण गोष्टीला, निकालासकट. निकाल शेवटपर्यंत राखून ठेवायची सवय सोडा, पॅनेलला उत्सुकता नव्हे, दिशा हवी असते. ती असे सुरू करेल: ‘एका ॲल्युमिनियम हाउसिंगच्या बोअरचे रिजेक्शन उन्हाळ्यात ३.७ टक्क्यांवर गेले होते. सगळ्यांचा संशय टूलवर होता. मी दाखवले की दोष मापाच्या वेळी पीस गरम असण्याचा आहे. उपायानंतर रिजेक्शन २.१ टक्क्यांवर आले. उरलेले २.१ का उरले तेही मी सांगणार आहे.’ एवढे ऐकल्यावर एचआरच्या माणसालाही पुढची नऊ मिनिटे कशाबद्दल आहेत ते कळते.

त्यानंतर दीड मिनिट पार्श्वभूमी: बोअर, टॉलरन्स, कुठे मोजतात, कुठे नापास होते. पुढची चार मिनिटे त्या दोन निर्णयांना, त्यातही अडीच मिनिटे कारणाला आणि दीड उपायाला. मग दीड मिनिट निकाल, एक मिनिट मर्यादा आणि शेवटचे अर्धे मिनिट या पदाशी जोड. ती जोड मोघम नको. ‘हा अनुभव मला इथे उपयोगी पडेल’ असे म्हणण्यापेक्षा: ‘तुमच्या जाहिरातीत ॲल्युमिनियम मशीनिंगच्या नव्या लाइनचा उल्लेख आहे. तिथे गेज आणि मास्टर कुठे, किती अंशाला ठेवले आहेत हे मी पहिल्या आठवड्यात बघेन.’

पाच स्लाइड्स पुरतात

स्लाइडचा मथळा पूर्ण वाक्य असू द्या. ‘डेटा ॲनालिसिस’ हा मथळा काहीच सांगत नाही. ‘नापास पीस दुपारच्या शिफ्टमध्येच का वाढतात?’ हा सांगतो. स्लाइड इंग्रजीत करत असलात तरी हाच नियम.

पहिल्या स्लाइडवर तीन ओळींत गोष्ट आणि दोन आकडे. दुसऱ्यावर हाताने काढलेले हाउसिंग आणि मापाच्या दोन जागा, मशीनशेजारी आणि स्टँडर्ड रूम. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर एकच आलेख: आडव्या अक्षावर दिवसाचे तास, उभ्या अक्षावर नापास पीस, आणि त्याच तासांवर पीसच्या तापमानाची रेघ. दोन्ही रेघा एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. हा आलेख पडद्यावर आला की पाच सेकंद काही बोलू नका, पॅनेलला बघू द्या. मग बोट ठेवून सांगा. चौथ्यावर तीन वाटा, प्रत्येकीचा खर्च, वेळ आणि धोका, निवडलेल्या वाटेवर खूण. पाचव्यावर निकाल आणि जे सुटले नाही ते.

कंपनीची माहिती, अनुक्रमणिका आणि ‘धन्यवाद’ यांच्या स्लाइड्स काढून टाका. पाचवी स्लाइड शेवटपर्यंत पडद्यावर राहू द्या, कारण प्रश्न तिच्यावरूनच सुरू होणे तुमच्या सोयीचे आहे. तिच्यामागे तीन राखीव स्लाइड्स ठेवा: प्रसरणाचा हिशेब, ३० पीसची मापे, ऑपरेटरचा तक्ता. या विचारल्याशिवाय उघडायच्या नाहीत.

‘मी’ आणि ‘आम्ही’

आपल्याकडे स्वतःबद्दल ‘मी केले’ म्हणायला संकोच वाटतो. चांगल्या संस्काराचा तो भाग असेल, पण मुलाखतीत त्याने नुकसान होते. पूर्ण दहा मिनिटे ‘आम्ही केले, आमच्या टीमने केले’ असे ऐकले की पॅनेलला तुमचा वाटा काढता येत नाही, आणि शंका असेल तिथे ते कमी धरतात. उलट सगळेच ‘मी’ म्हटले तर ३० पीस कोणी मोजले या प्रश्नाला अडचण होते.

उपाय असा की क्रियापद खऱ्या कर्त्याला द्या. ‘शिफ्टप्रमाणे आकडे मी वेगळे केले. मोजमाप स्टँडर्ड रूमच्या इन्स्पेक्टरने केले. तक्त्याच्या तीन पट्ट्या दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने सुचवल्या, माझ्या पहिल्या तक्त्यात सात होत्या आणि त्या मशीनवर कुणी वाचल्या नसत्या. कंट्रोल प्लॅनमधल्या बदलाला मंजुरी क्वालिटी हेडनी दिली.’ असे बोलणाऱ्याच्या ‘मी’वर विश्वास बसतो.

निकाल मांडताना लागणारा सापळा

इथे जरा थांबायला हवे, कारण चांगली तयारी केलेले उमेदवारही इथेच अडकतात. आपल्या इंजिनिअरचा तक्ता मेच्या मध्यावर लागला. जूनमध्ये रिजेक्शन उतरले. पण जूनमध्ये पाऊसही आला! शॉपचे तापमान आपोआपच खाली आले. मग रिजेक्शन तक्त्याने उतरले की पावसाने? पॅनेलमधला अनुभवी माणूस हा प्रश्न विचारणारच. ‘सर, आमचे रिजेक्शन कमी झाले ना’ हे त्याचे उत्तर नव्हे.

उत्तर दोन ठिकाणी सापडते. एक, मेच्या मध्यानंतरचे आणि पावसाआधीचे दिवस वेगळे काढा. ऊन तेवढेच होते, तक्ता नवा होता. त्या दिवसांत दुसऱ्या शिफ्टचे रिजेक्शन ७ वरून बाकीच्या शिफ्टइतके खाली आले का, हे दाखवा. दोन, पुढचा एप्रिल. तुम्ही तेव्हा तिथेच असाल तर आधीच्या एप्रिलशी तुलना हा सगळ्यात भक्कम पुरावा. तोवर नोकरी सोडली असेल तर तसे सांगा, आणि पहिल्याच पुराव्यावर उभे राहा.

तुमच्या प्रकल्पात पाऊस नसेल, पण तसे काहीतरी असते. त्याच महिन्यात नवा पुरवठादार आला असेल, ऑर्डर कमी झाल्याने लाइन सावकाश चालली असेल, तपासणीची पद्धत बदलली असेल. तुमच्या उपायाशिवाय हा आकडा आणखी कशाने बदलू शकला असता, असे स्वतःला विचारा आणि त्यातले सगळ्यात मोठे कारण स्वतःच निकालाच्या स्लाइडवर मांडा. पॅनेलने काढलेली शंका आणि तुम्ही आधीच काढलेली शंका यांत फार फरक पडतो.

मर्यादांच्या मिनिटाचेही तसेच. उरलेले २.१ टक्के मुख्यतः कास्टिंगच्या पोरॉसिटीचे होते, त्याला या कामाने हात लावला नाही. तक्ता माणसावर अवलंबून आहे, नवा ऑपरेटर आला की पुन्हा शिकवावे लागते. म्हणून तो तात्पुरता, खरा उपाय चिलर. एवढे स्पष्ट बोलले की पुरते. इथे ‘टीमवर्क शिकलो, संयम शिकलो’ अशी वाक्ये आणू नका.

सराव

लिहिलेले पाठ करू नका. पहिले मिनिट आणि शेवटचे अर्धे मिनिट शब्दशः पक्के असावे, मधले प्रत्येक स्लाइडच्या पहिल्या वाक्यापुरते. उभे राहून, मोठ्याने, मोबाइलवर वेळ लावून बोला. मनातल्या मनात केलेला सराव नेहमी लवकर संपतो, त्यावर वेळ ठरवू नका.

पहिल्या खेपेला बारा-तेरा मिनिटे होतील. भरभर बोलून ती दहात बसवायची नाहीत, मजकूर कमी करायचा. आधी पार्श्वभूमी कापा, मग उपायाच्या न निवडलेल्या वाटा एकेका वाक्यात आणा. आलेखाच्या वेळेला हात लावू नका. नंतर घरातल्या अशा कुणाला ऐकवा ज्यांचा या कामाशी संबंध नाही, आणि फक्त विचारा: ‘काय बिघडले होते आणि मी काय केले?’ ‘पीस गरम असताना मोजत होते, म्हणून चुकत होते’ एवढे त्यांच्याकडून आले तर पहिले मिनिट जमले.

पाच मिनिटांची आवृत्तीही हवी. आधीच्या मुलाखती लांबल्या की प्लँट हेडला मीटिंगला जायचे असते आणि ‘जरा थोडक्यात सांगा’ असे ऐन वेळी येते. तेव्हा पहिली, तिसरी आणि पाचवी स्लाइड. हे आधीच ठरलेले असले की गडबड होत नाही.

त्या दिवशी

फाइल पीडीएफमध्येही ठेवा, फॉन्ट बिघडत नाहीत. पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर एकेक प्रत. पाच स्लाइड्सच्या छापील प्रतींचे चार संच बरोबर न्या; प्रोजेक्टर सुरू झाला नाही तर आलेखाचा कागद टेबलावर ठेवून बोलता येते.

मध्येच प्रश्न आला तर ‘शेवटी सांगतो’ म्हणून टाळू नका, विशेषतः विचारणारा विभागप्रमुख असेल तर. एका-दोन वाक्यांत उत्तर द्या आणि जिथे होतात तिथे परत या. प्रश्न लांबत गेले तर विचारा: ‘यावर पुढे बोलू, की राहिलेला निकाल आधी सांगू?’ वेळेचा निर्णय पॅनेलकडे गेला की तुमच्यावर घाईचा दोष येत नाही. मग ते म्हणतील तसे.

नमुन्याच्या या सादरीकरणाला पुढचे प्रश्न हमखास येतील. ऑपरेटरने तक्ता पाळला नाही तर कसे कळेल? उत्तर: तासाला एक पीस थंड करून मोजतो, त्यात फरक दिसतो. गेजवर माप २५ च्या वर दिसत असताना पीस पास कसा धरता, ग्राहकाच्या ऑडिटरला काय सांगाल? उत्तर: तापमानाप्रमाणे सरकवलेल्या मर्यादा कंट्रोल प्लॅनमध्ये लिहून मंजूर करून घेतल्या आहेत, आणि अंतिम स्वीकार २० अंशावरच्या मापानेच होतो. मास्टर रिंगही ॲल्युमिनियमची का केली नाही? हा चांगला प्रश्न आहे. तशी रिंग केली तर आणि ती पीसच्याच तापमानाला ठेवली तर फरक जवळजवळ जातो, पण ॲल्युमिनियमची रिंग लवकर झिजते आणि तिचे तापमान पीसइतके ठेवणे शॉपवर जमत नाही. यातले एखादे उत्तर माहीत नसेल तर ‘हे मी तपासले नव्हते, तपासायचे झाले तर असे तपासेन’ म्हणा आणि खरोखर पद्धत सांगा.

जाताना पॅनेल फाइल ठेवून जा म्हणेल. ग्राहकाचे नाव आणि ड्रॉइंग आधीच काढलेले असेल तर पाच स्लाइड्सची पीडीएफ द्यायला हरकत नाही. राखीव स्लाइड्सवर जुन्या कंपनीची कच्ची मापे असतात, त्या देऊ नका. हिशेब हवा असेल तर तो फळ्यावर करून दाखवा. मूळ पॉवरपॉइंट फाइलही देऊ नका, तिच्या आलेखामागे कधी कधी पूर्ण एक्सेल शीट दडलेले असते.